भागीदारीतला दवाखाना सोडताना: केसपेपर कुणाकडे राहतात आणि पेशंटला काय, कधी सांगायचं

समजा, तालुक्याच्या गावात दोन एमडी मेडिसिन डॉक्टरांचा भागीदारीतला दवाखाना आहे. बारा वर्षं चाललेला, फर्म नोंदवलेली, खाटा नाहीत, नुसती ओपीडी. त्यातले एक डॉक्टर ३० जूनला बाहेर पडून त्याच गावात चार किलोमीटरवर स्वतःचा दवाखाना थाटणार आहेत. दोघांचं बोलणं झालंय, हिशेब सीए बघतोय, खुर्च्या-मशिनं कुणाची हेही ठरलंय. राहिलेत ते केसपेपर आणि पेशंट. या दोन गोष्टी शेवटच्या आठवड्यावर ढकलल्या जातात, आणि पेशंटला इजा होण्याची शक्यता नेमकी तिथेच असते.

कायद्याची बाजू आधी पाहू, कारण तारखा तिथूनच ठरतात. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत: सगळ्या भागीदारांची संमती, डीडमध्ये लिहिलेली पद्धत, किंवा डीडमध्ये मुदत ठरलेली नसेल, म्हणजे भागीदारी मर्जीवर चालणारी असेल, तर इतर भागीदारांना लेखी नोटीस. दोघांचीच भागीदारी असेल तर एक गेल्यावर फर्म उरतच नाही, कारण भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. म्हणजे आपल्या उदाहरणात ३० जूनला फर्म विसर्जित होते आणि राहणारे डॉक्टर १ जुलैपासून एकटे मालक म्हणून दवाखाना चालवतात. पाटी जुनीच राहिली तरी पॅन, बँक खातं आणि फर्मच्या नावावरचे परवाने बदलावे लागतात. नोंदींची जबाबदारी फर्मकडून आता एका माणसाकडे जातेय, हे विसर्जनाच्या करारात स्पष्ट लिहावं लागतं.

दुसरी अट जाहीर सूचनेची. ती निघेपर्यंत बाहेरच्या लोकांच्या दृष्टीने दोघेही भागीदारच राहतात. जुलैमध्ये जुन्या दवाखान्याने औषधांची उधारी केली, तर ती गेलेल्या डॉक्टरांच्याही गळ्यात पडू शकते. नोंदणीकृत फर्मसाठी ही सूचना तीन ठिकाणी द्यायची असते: रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, शासकीय राजपत्रात, आणि त्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. पण ही जाहिरात दिली म्हणजे पेशंटला कळवलं, असा समज करून घेऊ नये. ती देणेकऱ्या-घेणेकऱ्यांसाठी आहे. मधुमेहाच्या गोळ्या संपत आलेली सत्तर वर्षांची आजी नोटिशींचं पान वाचत नाही.

तिसरी गोष्ट स्पर्धेची. जाणाऱ्या भागीदाराला तोच व्यवसाय करता येतो, त्याची माहितीही देता येते. मात्र वेगळा करार नसेल तर त्याला फर्मचं नाव वापरता येत नाही, आणि फर्मच्या जुन्या ग्राहकांना आपल्याकडे ओढण्यासाठी त्यांच्यामागे लागता येत नाही. डीडमध्ये ठरावीक काळ किंवा ठरावीक अंतराच्या आत दवाखाना काढायचा नाही असं कलम असू शकतं, आणि ते वाजवी असेल तर टिकतं. नवी जागा घेण्यापूर्वी ते वाचलेलं बरं. वैद्यकीय आचारसंहिता, म्हणजे २००२ ची नियमावली, पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाई करते. पण पत्ता बदलला, नवी प्रॅक्टिस सुरू केली, एखाद्याची प्रॅक्टिस पुढे चालवायला घेतली, याची औपचारिक घोषणा वर्तमानपत्रात करायला तीच नियमावली परवानगी देते. पेशंटला काय लिहायचं, याची चौकट या दोन नियमांच्या मधे आहे: माहिती द्यायची, बोलावणं करायचं नाही. शिवाय तीच नियमावली सांगते की एकदा हाती घेतलेला पेशंट, त्याला आणि त्याच्या घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे कळवणं हे बंधनकारक आहे.

आता केसपेपर. बारा वर्षांत साठलेले सगळे केसपेपर आणि संगणकातल्या नोंदी वाटून घ्यायच्या नसतात. ‘माझे पेशंट माझ्याकडे, तुझे तुझ्याकडे’ ही वाटणी ऐकायला सोपी वाटते, पण कित्येक पेशंट दोघांनी मिळून पाहिलेले असतात: एक सुट्टीवर असताना दुसऱ्याने औषध बदललेलं असतं. कागद दोन ठिकाणी गेले की कुठलीच फाइल पूर्ण राहत नाही. सरळ रीत अशी की मूळ नोंदी सगळ्या एका जागी, बहुधा जुन्या दवाखान्यातच राहतात. राहणारे डॉक्टर त्यांचे सांभाळणारे होतात. आणि ज्या पेशंटला दुसरीकडे जायचंय त्याच्या नोंदींची प्रत त्याच्या सहीने दिली जाते. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं नियमावलीत आहेच.

किती वर्षं सांभाळायच्या? नियमावलीतली तीन वर्षांची अट दाखल पेशंटच्या नोंदींबद्दल आहे, आणि तेवढ्यावर बोट ठेवून ‘ओपीडीला काही बंधन नाही’ असं म्हणणारे भेटतात. पण ग्राहक आयोगात तक्रार करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, उशीर माफही होऊ शकतो, आणि तेव्हा डॉक्टरच्या बाजूने बोलणारा एकमेव साक्षीदार म्हणजे तो केसपेपर. म्हणून शेवटच्या भेटीपासून किमान तीन वर्षं ही आमच्या मते ओपीडीचीही खालची मर्यादा आहे. पेशंट अज्ञान असेल तर दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते, तेव्हा लहान मुलांचे कागद बरेच पुढेपर्यंत ठेवावे लागतात.

जाणाऱ्या डॉक्टरांनी शेवटच्या रात्री सगळा डेटाबेस पेन ड्राइव्हवर उतरवून नेणं हा सगळ्यात वारंवार होणारा आणि सगळ्यात वाईट प्रकार. त्यात असे शेकडो लोक असतात ज्यांनी या डॉक्टरांना कधी दाखवलेलंही नसतं. पेशंटने माहिती दिली ती उपचारासाठी. नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाचे मेसेज पाठवण्यासाठी दिलेली नाही. गोपनीयतेचं बंधन आचारसंहितेत आधीपासून आहे. त्यात आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची भर पडली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

मग जाणाऱ्या डॉक्टरांवर पुढे तक्रार आली तर त्यांना स्वतःच्याच नोंदी मिळणार कशा? याचं उत्तर करारातल्या एका कलमात असतं, आणि ते बहुतेक करारांत नसतं. कलम साधं लिहावं: ‘बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांनी तपासलेल्या पेशंटकडून नोटीस, तक्रार किंवा न्यायालयाचं समन्स आल्यास, त्याची प्रत दाखवल्यावर त्या पेशंटच्या नोंदींची प्रमाणित प्रत ७२ तासांत दिली जाईल, नोंदी तोपर्यंत नष्ट केल्या जाणार नाहीत.’ हे कलम असलं की पेन ड्राइव्हची गरजच उरत नाही.

आता पेशंटची यादी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. आपल्या उदाहरणात गेल्या दोन वर्षांत ३,४०० वेगवेगळे पेशंट येऊन गेले, असं धरू. त्यातले १,४५० मुख्यतः जाणाऱ्या डॉक्टरांचे. या १,४५० मधले बहुतेक ताप-खोकल्यासाठी एकदा-दोनदा आलेले; त्यांना दारावरची सूचना आणि एक मेसेज पुरतो. सुमारे २१० जणांना रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा अशी कायमची औषधं चालू आहेत. त्यांना पत्र किंवा मेसेज जायला हवा आणि तो पोचल्याची खूण हवी. आणि या २१० मधून आणखी एक छोटी यादी काढायची: ज्यांचा उपचार महिनाभर जरी निसटला तरी जिवावर बेतू शकतं. आपल्या दवाखान्यात ते १८ निघाले. पाच जण वॉरफेरिनवर, सहा जणांना नुकतंच इन्सुलिन सुरू केलेलं, चार क्षयरोगाचे, तीन जण सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेटवर.

या १८ जणांसाठी केसपेपरची झेरॉक्स पुरत नाही. ओपीडीचा केसपेपर हा लिहिणाऱ्याच्या आठवणीला आधार असतो. शेवटच्या पाच भेटींवर नुसतं ‘सीएसटी’, म्हणजे आहे तेच चालू ठेवा, असं लिहिलेलं असतं. ‘तेच’ म्हणजे काय, हे आठ महिन्यांमागच्या पानावर, आणि मधल्या काळात तोंडी सांगितलेला बदल कुठेच नाही. म्हणून जाणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्येकासाठी अर्ध्या पानाचा सारांश स्वतःच्या हाताने लिहावा. एकाला दहा मिनिटं धरली तरी १८ जणांचे तीन तास लागतात. एवढा वेळ शेवटच्या महिन्यात नक्की काढता येतो.

सारांशात काय हवं ते औषधागणिक बदलतं. वॉरफेरिनच्या पेशंटचं उदाहरण घेऊ. बासष्ट वर्षांचे गृहस्थ, हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे औषध सुरू. सारांशात लिहायचं: औषध कशासाठी, आयएनआर किती ठेवायचाय, त्यांच्या बाबतीत २ ते ३, शेवटच्या तीन तपासण्या तारखांसह, सध्याचा डोस वारांनुसार, उदाहरणार्थ सोमवार, बुधवार, शुक्रवार ३ मिलिग्रॅम आणि बाकीचे दिवस २ मिलिग्रॅम, पुढची तपासणी ८ जुलै, ती पाहून डोस कोण ठरवणार. हा शेवटचा मुद्दाच नेहमी राहून जातो. पेशंट ८ जुलैला लॅबमध्ये रक्त देतो, अहवाल सवयीने जुन्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर जातो, ते समजतात की आता राहणारे बघतील, राहणाऱ्यांकडे अहवाल पोचतच नाही. आयएनआर ५ च्या वर गेलेला असतो आणि हिरडीतून रक्त यायला लागेपर्यंत कुणाला कळत नाही.

मेथोट्रेक्सेटबाबत धोका वेगळा. सांधेवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. जुन्या डॉक्टरांना ते इतकं पाठ असतं की केसपेपरवर नुसतं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतात. नव्या हाताने ते उतरवताना ‘रोज एक’ झालं तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी घसरतात. यात माणसं दगावलेली आहेत. सारांशात वार लिहावा: ‘फक्त रविवारी’. फॉलिक ॲसिड कोणत्या वारी, आणि रक्ताची व यकृताची तपासणी शेवटची कधी झाली, हेही लिहावं.

क्षयरोगाच्या चौघांची नोंद निक्षय पोर्टलवर दवाखान्याच्या नावाने झालेली असते. पेशंट नव्या दवाखान्यात जाणार असेल तर निक्षयवरही तो तिकडे वर्ग करावा लागतो, नाहीतर पोर्टलवर त्याचा उपचार जुन्याच ठिकाणी अर्धवट राहिलेला दिसतो आणि पाठपुराव्याचे फोन चुकीच्या जागी जातात. त्यासाठी नव्या दवाखान्याची निक्षयवरची नोंदणी ३० जूनच्या आत झालेली हवी. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. मधेच खंड पडला तर जंतू औषधाला न जुमानणारे होण्याची भीती असते.

याच्या जोडीला बाकी अहवालांची एक वही लागते. कोणत्या तारखेला कोणाचा कोणता नमुना कुठल्या लॅबला गेला, अहवाल कधी येणं अपेक्षित आहे, आल्यावर कोण पाहणार, पेशंटला कोण कळवणार. लोक शेवटच्या आठवड्यापुरती ही यादी करतात. ते कमी पडतं. क्षयाच्या जंतूंचं द्रवमाध्यमातलं कल्चर ‘जंतू नाहीत’ असं ठरवायला ४२ दिवस घेतं. १० जूनला पाठवलेल्या थुंकीचा शेवटचा अहवाल २२ जुलैला येईल, म्हणजे डॉक्टर गेल्यावर तीन आठवड्यांनी. तेव्हा निदान दोन महिने मागे जाऊन यादी करावी, आणि प्रत्येक ओळीपुढे दोघांपैकी एकाचं नाव असावं. ‘दवाखाना पाहील’ असं लिहिलेली ओळ म्हणजे कुणीच पाहणार नाही.

पेशंटला कधी सांगायचं? त्या १८ जणांना १ मेच्या सुमारास, समोरासमोर, शक्य असेल तर दोन्ही डॉक्टरांनी. घरचं कुणी बरोबर असेल तर जास्तच चांगलं. २१० जणांना त्याच आठवड्यात पत्र किंवा मेसेज, आणि १५ जूनला आठवण. ज्यांच्याकडून काहीच उत्तर नाही त्यांना फोन. बाकीच्यांसाठी दारावर आणि औषधाच्या खिडकीशी सूचना. महिनाभराची औषधं लिहून घेणाऱ्या माणसाची सूचना आणि शेवटची तारीख यांच्यामध्ये एक तरी फेरी व्हायला हवी. दोन महिने हा आकडा त्यातून येतो.

पत्र एकच असावं आणि त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. दोन वेगळी पत्रं निघाली की एकात ‘माझ्याकडे या’ आणि दुसऱ्यात ‘कुठेही जाऊ नका’ असं वाचलं जातं. मजकूर एवढाच पुरे:

‘आपल्या दवाखान्यातील डॉ. ___ हे ३० जूनपासून येथील काम थांबवत आहेत. १ जुलैपासून डॉ. ___ येथे नेहमीच्या वेळेत पेशंट तपासतील. डॉ. ___ १ जुलैपासून ___ या पत्त्यावर उपलब्ध असतील. पुढचा उपचार येथे, तेथे किंवा आपल्या पसंतीच्या अन्य डॉक्टरांकडे घेणे हा पूर्णपणे आपला निर्णय आहे. आपल्या नोंदी याच दवाखान्यात सुरक्षित राहतील. त्यांची प्रत हवी असल्यास सोबतच्या अर्जावर सही करून द्यावी. प्रत ७२ तासांत मिळेल. चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. ३० जूननंतर येणारे तपासणी अहवाल ___ या क्रमांकावर विचारावेत.’

जाण्याचं कारण लिहू नये. कुणाची स्तुती, पदव्यांची यादी, नव्या जागेतल्या मशिनरीचं वर्णन, सवलत यातलं काहीही नको; तिथे माहिती संपून जाहिरात सुरू होते. उलट बाजूने, नवा पत्ता गाळणंही चूक. राहणाऱ्या डॉक्टरांना हे जड जातं, पण पत्ता लपवल्याने पेशंट थांबत नाहीत. ते गावात विचारत फिरतात, तोवर गोळ्या संपतात.

प्रत मागण्याचा अर्ज अर्ध्या पानाचा असतो: पेशंटचं नाव, केसपेपर क्रमांक, कोणते कागद हवेत, ते स्वतः नेणार की अमुक डॉक्टरांना द्यायचे, तारीख, सही किंवा अंगठा. नातेवाईक आला तर पेशंटचं अधिकारपत्र. दिलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद वहीत, घेणाऱ्याच्या सहीसह. ‘पेशंटने फोनवर सांगितलं’ एवढ्यावर नव्या दवाखान्याला फाइल पाठवू नये, मग मागणारे डॉक्टर बारा वर्षांचे सोबती का असेनात.

जुलैत खरी परीक्षा काउंटरवर बसणाऱ्या माणसाची असते. ‘डॉक्टर आहेत का?’ या प्रश्नाला ‘ते सोडून गेले’, ‘माहीत नाही’, ‘परदेशी गेले’ अशी उत्तरं दिली जातात, कधी मालकाला बरं वाटावं म्हणून. एक वाक्य लिहून काउंटरवर चिकटवावं: ‘ते आता अमुक ठिकाणी बसतात, इथे हे डॉक्टर आहेत, तुम्हाला कुणाला दाखवायचंय?’ निदान सहा महिने तरी ते तिथून काढू नये.

फोन नंबरचा घोळ आधीच सोडवावा. बऱ्याच दवाखान्यांत नंबर लावायचा मोबाइल एका डॉक्टरच्या खाजगी नावावर घेतलेला असतो आणि त्याच क्रमांकावर वर्षानुवर्षांचे अहवाल, जखमांचे फोटो, पेशंटचे निरोप असतात. सिम जाणाऱ्यांच्या नावावर असेल तर ते महिनाभर आधी दवाखान्याकडे वर्ग करावं, आणि लॅबना लेखी कळवावं की १ जुलैपासून कोणाचे अहवाल कोणत्या क्रमांकावर. सॉफ्टवेअरचं मुख्य लॉगिन कुणाकडे आहे तेही पाहावं. जाणाऱ्यांचं लॉगिन ३० जूनला संध्याकाळी बंद करावं, पण त्यांच्या नावाने झालेल्या जुन्या नोंदी पुसू किंवा बदलू नयेत. नाव बदललं की ‘हे औषध कुणी लिहिलं’ हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

शिल्लक लेटरहेड, शिक्के आणि प्रिस्क्रिप्शनचे गठ्ठे मोजून जाणाऱ्यांच्या ताब्यात द्यावेत किंवा त्यांच्यासमोर फाडावेत. त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक आहे. त्या कागदावर जुलैत लिहिलेल्या औषधाचा जाब त्यांनाच विचारला जाईल. वैद्यकीय प्रमाणपत्रांची वही मात्र नोंदींचाच भाग आहे, ती दवाखान्यात राहते.

विम्याचं एक सांगायला हवं, कारण ते फार उशिरा लक्षात येतं. डॉक्टरांची व्यावसायिक जबाबदारीची पॉलिसी साधारणपणे, दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असावी लागते. उपचार ज्या वर्षी केला तेव्हा ती होती, एवढं पुरत नाही. पॉलिसी फर्मच्या नावावर असेल तर फर्मबरोबर ती संपते. जाणाऱ्या डॉक्टरांनी नवी वैयक्तिक पॉलिसी घेताना तिच्यात मागची तारीख, म्हणजे जुन्या पॉलिसीचं संरक्षण जिथून अखंड सुरू आहे ती तारीख, लिहून घ्यावी आणि मधे एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये. ती तारीख कोरी राहिली, तर मे महिन्यातल्या उपचाराबद्दल डिसेंबरात आलेली नोटीस दोन्ही पॉलिसींच्या बाहेर पडते.